पोखर्णी ते जेद्दा : एका खेळण्याच्या प्रवासाची गोष्ट

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत आमची आपा आणि तिचा चौदा वर्षांचा मुलगा जेद्दाला निघाले. दुल्हाभाई तिकडे नोकरीला आहेत. आम्ही मुंबईच्या विमानतळापर्यंत सोडायला गेलो होतो. आपा आणि भाचा दारातून आत गेले, आम्ही बाहेर थांबलो. दोन तासांनी फोन वाजला. पलीकडून आपाचा घाबरलेला आवाज. "बॅग अडवली आहे, आम्हाला खाली बोलावलं आहे, काय करू?"

बॅगेत सोने नव्हते, औषधे नव्हती. कपड्यांच्या मधोमध भाच्याचा हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम होता आणि त्याच्या शेजारी एक जाडजूड पॉवर बँक. सामान जमा करताना काउंटरवर विचारले होते की बॅगेत पॉवर बँक, सुट्या बॅटऱ्या आहेत का. आपाला ठाऊकच नव्हते, ती "नाही" म्हणाली. भाचा तेव्हा ट्रॉलीवर बसून भिंतीवरचा टीव्ही पाहत होता. बॅग आत गेली, एक्स-रेमध्ये बॅटरी दिसली आणि यांच्या नावाचा पुकारा झाला. अधिकाऱ्यांसमोर बॅग उघडली, पॉवर बँक तिथेच ठेवून घेतली गेली आणि मायलेक धावत गेटवर पोहोचले तेव्हा विमानात बसणाऱ्यांची रांग संपत आली होती.

पोखर्णी, परभणी, गंगाखेड या भागातून आखातात जाणारी-येणारी घरे आता पुष्कळ आहेत, आणि मुलांच्या हातात असा गेम असणे नवलाचे राहिलेले नाही. तो नेण्याचे नियम अवघड नाहीत. मात्र कोणती वस्तू कोणत्या बॅगेत जाते, हे घरातच ठरवावे लागते, विमानतळावर नव्हे.

बॅटरी हातात का ठेवायची?

मोबाईल, पॉवर बँक आणि हातातला गेम, या तिन्हींत लिथियम-आयन जातीची बॅटरी असते. ती दबली, टोचली गेली किंवा आत शॉर्ट झाली तर तापते, त्या तापाने आतली रासायनिक क्रिया आणखी वेगाने चालते आणि बॅटरी स्वतःच स्वतःला पेटवत जाते. विमानाच्या पोटात, म्हणजे सामानाच्या कप्प्यात, आग विझवणारा वायू सोडण्याची सोय असते. तो ज्वाळा दाबतो, पण बॅटरीच्या आत चाललेली क्रिया थांबवू शकत नाही. शिवाय उडत्या विमानात तिथे कुणी पोहोचत नाही. प्रवासी बसतात त्या भागात धूर निघाला तर लगेच दिसतो आणि कर्मचारी पाणी ओतून बॅटरी थंड करू शकतात. जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियातील बुसानच्या विमानतळावर उड्डाणाआधीच एका विमानाला आग लागली आणि विमानाचे छत जळाले. प्रवासी बाहेर पडू शकले. तपासात डोक्यावरच्या कप्प्यातील पॉवर बँकेवर संशय आला, आणि त्यानंतर तिथल्या सरकारने पॉवर बँक डोक्यावरच्या कप्प्यात न ठेवता जवळ बाळगायला सांगितले.

म्हणून सुटी बॅटरी आणि पॉवर बँक जमा करायच्या बॅगेत कधीच चालत नाही, हा जगभरचा नियम आहे. गेमचे तसे नाही. त्याची बॅटरी यंत्राच्या आत असते, म्हणून तो पूर्ण बंद करून, दाबला जाणार नाही असा बांधला तर जमा करायच्या बॅगेत नियमाने चालू शकतो. पण "बंद" या शब्दात एक फसगत आहे. भाच्याच्या निन्टेन्डो स्विचवरचे पॉवरचे बटण एकदा दाबले की पडदा काळा होतो. ते यंत्र बंद झालेले नसते, झोपलेले असते, आणि बॅगेत बटण दाबले गेले की जागे होते. खरोखर बंद करायचे तर ते बटण तीनेक सेकंद दाबून धरावे, मग Power Options येते, त्यातून Turn Off निवडावे. आमचा सल्ला विचाराल तर हा त्रासच घेऊ नये. गेम हाताच्या बॅगेत ठेवावा. आगीचे कारण आहेच, चोरीचे कारण त्याहून जवळचे आहे, त्याकडे पुढे येऊ.

आता मर्यादेचा हिशोब. विमान कंपन्या बॅटरी मिलिअँपिअरमध्ये मोजत नाहीत, वॉट-अवरमध्ये मोजतात. शंभर वॉट-अवरपर्यंत परवानगी लागत नाही. शंभर ते एकशे साठपर्यंत कंपनीची आधी परवानगी लागते. त्यापुढे सामान्य प्रवाशाला नेताच येत नाही. वस्तूवर वॉट-अवर छापलेले नसेल तर मिलिअँपिअर-अवरला व्होल्टने गुणावे आणि हजाराने भागावे. स्विचची बॅटरी ४३१० मिलिअँपिअर-अवर आणि ३.७ व्होल्टची आहे. गुणून भागले की सोळाच्या आसपास वॉट-अवर येतात, म्हणजे मर्यादेच्या फार खाली. स्टीम डेकच्या ओलेड मॉडेलची बॅटरी ५० वॉट-अवरची आणि एसुसच्या आरओजी अ‍ॅलाय एक्स या मोठ्या यंत्राची ८० ची. हातात धरून खेळायचे हे नेहमीचे गेम त्यामुळे मर्यादेत बसतात.

अडले ते पॉवर बँकेवर. भाच्याने परभणीच्या बाजारातून हौसेने तीस हजारांची पॉवर बँक घेतली होती. आमच्या वर्गातल्या मुलांना आम्ही नंतर हेच गणित फळ्यावर घातले. ३०,००० गुणिले ३.७ भागिले १००० बरोबर १११. ती जमा करायच्या बॅगेत होती ही एक चूक, आणि शंभराच्या वर होती ही दुसरी. पहिली चूक झाली नसती, तरी परवानगीशिवाय ती विमानात गेली नसती. वीस हजारांची पॉवर बँक ७४ वॉट-अवरची होते. प्रवासासाठी तेवढीच घ्यावी, आणि तिच्यावर हे आकडे ठळक छापलेले आहेत ना ते पाहून घ्यावे. आकडे पुसलेली किंवा बिनछापाची पॉवर बँक तपासणीत नाकारली जाऊ शकते, कारण ती किती मोठी आहे हे तपासणाऱ्याला कळायला दुसरा मार्ग नाही. अलीकडे काही विमान कंपन्यांचे नियम याहून कडक आहेत. एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून प्रवाशामागे एकच पॉवर बँक, तीही शंभर वॉट-अवरखालची, आणि विमानात तिचा वापर बंद, असे ठरवले. तिकीट ज्या कंपनीचे असेल तिचा नियम निघण्याच्या आठवड्यात एकदा पाहावाच.

आणखी एक प्रसंग ध्यानात ठेवण्यासारखा. विमान भरलेले असले की गेटवर, अगदी शेवटच्या क्षणी, कर्मचारी हाताची मोठी बॅग घेऊन सामानाच्या कप्प्यात पाठवतात. घाईत आपण ती देऊन टाकतो आणि बॅटऱ्या तिच्यासोबत जातात. यासाठी या वर्षी आपाने गेम, पॉवर बँक आणि पासपोर्ट एका छोट्या कापडी पिशवीत घातले आणि ती पिशवी मोठ्या बॅगेत सगळ्यात वर ठेवली. बॅग मागितली की पिशवी उचलायची आणि बॅग द्यायची.

तपासणीच्या रांगेत

सुरक्षा तपासणीत गेम पिशवीतून बाहेर काढून प्लास्टिकच्या ट्रेमध्ये सपाट ठेवावा, लॅपटॉप ठेवतात तसा. चार्जर आणि पॉवर बँक शेजारी. एकावर एक ठेवले तर एक्स-रेच्या चित्रात तारा आणि बॅटऱ्या गुंतून दिसतात आणि बॅग उघडायला लावतात. एक्स-रेने गेम किंवा त्यात साठवलेली प्रगती बिघडत नाही, तशी भीती काही पालकांना असते ती सोडावी. मात्र गेमची बॅटरी निम्मी तरी भरलेली असावी. २०१४ मध्ये अमेरिकेने तिकडे जाणाऱ्या काही उड्डाणांसाठी सुरू न होणारी उपकरणे विमानात नेऊ द्यायची नाहीत असा नियम केला होता. आजही कुठेही "सुरू करून दाखवा" म्हणण्याचा अधिकार तपासणाऱ्याला असतो.

खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती आपल्या घरच्या बायकांना जास्त भासते. ट्रे पट्ट्यावरून पुढे सरकतो, पण बायकांची तपासणी पडद्याआडच्या खोलीत होते आणि तिथे बऱ्याचदा रांग असते. बुरखा, नकाब असला की वेळ आणखी लागतो. तेवढा वेळ पलीकडे आपला ट्रे, त्यात गेम, मोबाईल, पर्स, सगळे उघडे पडलेले असते. गर्दीत कुणी उचलले तरी कळणार नाही. या वर्षी मायलेकांनी क्रम ठरवून घेतला. आपाने ट्रे हातात धरून ठेवला, पट्ट्यावर ढकलला नाही. भाचा पुरुषांच्या रांगेतून आधी पार झाला आणि पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला उभा राहिला. त्याने हात हलवल्यावर आपाने ट्रे सोडला आणि मग ती पडद्याआड गेली. लहान मुलगी किंवा एकटी बाई असेल तर पडद्याच्या रांगेत आपला नंबर येईपर्यंत ट्रे पुढे सोडू नये. मागच्या माणसाला "आप आगे जाइए" म्हणावे. कुणी रागावत नाही.

विमानात गेम खेळताना फ्लाइट मोड लावावा. स्विचच्या दोन्ही बाजूंची हँडले यंत्राला जोडलेली असली की त्या मोडमध्येही चालतात, सुटी काढली की थांबतात. आणि गेम किंवा मोबाईल सीटच्या फटीत पडला तर सीट मागेपुढे करून शोधू नये. सीटच्या यंत्रात बॅटरी चिरडली गेली की तीच आग, जिचे वर्णन वर केले. कर्मचाऱ्याला हाक मारावी, त्यांना ते शिकवलेले असते.

मोठा डबा न्यायचा असेल तर

टीव्हीला जोडायचा मोठा गेम, प्लेस्टेशनसारखा, नेणाऱ्यांचा प्रश्न बॅटरीचा नसतो, वजनाचा असतो. मुख्य डब्यात लिथियमची मोठी बॅटरी नसते, ती फक्त हातातल्या कंट्रोलरमध्ये असते. आपल्याकडच्या बहुतेक कंपन्या साध्या वर्गात हाताच्या बॅगेला सात किलो देतात. प्लेस्टेशन ५ चे बारके मॉडेल, डिस्कच्या खणासह, सुमारे ३.२ किलोचे आणि जवळपास ३६ सेंटिमीटर लांब आहे. म्हणजे कंट्रोलर आणि तारा धरून अर्धी बॅग तिथेच संपली. तरीही तो हातानेच न्यावा, कपडे जमा करावेत. निघण्याआधी आतली डिस्क बाहेर काढावी, कारण आत राहिलेली डिस्क धक्क्याने सरकून खणात अडकू शकते. मूळ खोके नेऊ नये. खोक्यावरचे चित्र म्हणजे आत काय आहे याची जाहिरातच. दोन सुती चादरींत गुंडाळून साध्या बॅगेत ठेवावा.

परत येताना कस्टमचा विचार करावा. इथून नेलेला महाग गेम परतताना "तिकडून घेतला" असा समजला जाऊ नये म्हणून जाताना विमानतळावरच्या कस्टम काउंटरवर दाखवून निर्यात प्रमाणपत्र घेता येते. त्यासाठी बिल सोबत हवे. मोठ्या माणसाला एक लॅपटॉप शुल्काशिवाय आणता येतो, त्या सवलतीत गेम मोजला जात नाही. तिकडे घेतलेला नवा गेम शुल्कमुक्त सामानाच्या रकमेत धरला जातो.

पिन बसत नाही

भाच्याचा गेम दुल्हाभाईंनी जेद्दालाच घेतला होता. त्याच्या चार्जरला आखातातली तीन चौकोनी दांड्यांची पिन, म्हणजे इंग्लंडची पिन. पोखर्णीच्या घरात ती कुठल्याच बोर्डात बसेना. मग एक मल्टीप्लग आला. तो सैल होता, हात लावला की चरचर आवाज येई. आम्ही तो काढून टाकला. सैल पिनेत संपर्काच्या जागी ठिणग्या उडतात आणि प्लास्टिक वितळते. चांगल्या कन्व्हर्टरची परीक्षा सोपी आहे. चार्जर लावून तो भिंतीवरून लोंबत नाही ना पाहावे आणि पंधरा मिनिटांनी हाताच्या पाठीने स्पर्श करावा. चार्जर कोमट असतो, ते ठीक. कन्व्हर्टर गरम झाला तर फेकावा.

उलट प्रकार आपली माणसे तिकडे करतात. इंग्लिश पद्धतीच्या सॉकेटमध्ये खालची दोन भोके आतून झाकलेली असतात, वरच्या भोकात अर्थची लांब दांडी गेली की ती झाकणे उघडतात. मुलांच्या बोटांसाठी केलेली ही सोय आहे. आपण वरच्या भोकात पेन खुपसतो आणि खाली आपली गोल दोन दांड्यांची पिन दाबून बसवतो. तिथेही तोच सैलपणा, तीच ठिणगी. हे करू नये. सौदी, दुबई, कतार, कुवेत, ओमान, बहरीन या सर्व ठिकाणी ही इंग्लिश पिन चालते, एकच कन्व्हर्टर पुरतो.

कन्व्हर्टर फक्त पिनेचा आकार बदलतो, विजेचा दाब नाही. म्हणून चार्जरवरची बारीक अक्षरे वाचावीत. इनपुटपुढे १०० ते २४० व्होल्ट असे लिहिलेले असेल तर तो चार्जर इथे, सौदीत, अमेरिकेत, सगळीकडे चालतो. सौदीत आता २३० व्होल्टची वीज आहे, पण जुन्या इमारतींत १२७ व्होल्टचे सॉकेटही भेटतात. असा चार्जर दोन्ही सोसतो. पुढे ५०/६० हर्ट्झ असेही लिहिलेले असावे, कारण सौदीची वीज साठ हर्ट्झची आहे आणि आपली पन्नासची. अमेरिका किंवा जपानहून कुणी आणलेल्या जुन्या गेमच्या चार्जरवर नुसते १२० किंवा १०० व्होल्ट असेल तर तो आपल्याकडे लावला की गेला म्हणून समजा.

प्लेस्टेशन ५ असेल तर कन्व्हर्टर घेऊच नये. त्याची वीजतार मागून काढता येते, तिचे टोक इंग्रजी आठच्या आकड्यासारखे असते. तशी तार स्थानिक पिनेसह तिकडच्या कुठल्याही विजेच्या दुकानात स्वस्त मिळते. तार बदलली की प्रश्न मिटला. स्विचसाठी मात्र मूळ चार्जर सोबत ठेवावा. मोबाईलच्या साध्या चार्जरने तो हळूहळू भरतो, पण टीव्हीला जोडायच्या स्टँडला पंधरा व्होल्ट लागतात, ते साधा चार्जर देत नाही. मग टीव्ही काळाच राहतो आणि मुलाला वाटते गेम बिघडला.

चोरी : विमानापेक्षा रेल्वेत

पोखर्णीच्या स्टेशनावरून परभणी, परभणीहून रात्रीची देवगिरी किंवा नंदीग्राम, सकाळी मुंबई. या एका रात्रीतच गेम जाण्याची भीती सर्वांत जास्त. डब्यातल्या चार्जिंगच्या जागी गेम लावून झोपणे म्हणजे तो वाटून टाकणेच. तिथे खेळणारा मुलगा सगळ्या डब्याला दाखवून देतो की बॅगेत काय आहे. संध्याकाळी खेळून झाले की गेम छोट्या पिशवीत, पिशवी उशीखाली, पट्टा मनगटात. मोठी बॅग खालच्या बर्थखालच्या कड्यांना साखळीने बांधावी.

चोरी झालीच तर मोबाईलचा उपाय इथे चालत नाही, हे मुद्दाम सांगतो. हरवलेला मोबाईल संचार साथीवर नोंदवून त्याच्या आयएमईआय क्रमांकाने बंद करता येतो. वाय-फायवर चालणाऱ्या गेमला असा क्रमांकच नसतो. असतो तो सीरियल क्रमांक. स्विचवर तो खालच्या कडेला असतो. त्याचा आणि बिलाचा फोटो काढून घरातल्या दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवावा. पोलिसांत "काळ्या रंगाचा गेम" लिहून काही हाती लागत नाही, क्रमांक लिहिला तर सापडलेली वस्तू आपली असे सिद्ध करता येते. धावत्या गाडीत १३९ वर कळवावे किंवा टीटीईकडे तक्रारीचा अर्ज मागावा. तक्रार नोंदवण्यासाठी मधल्या स्टेशनावर उतरण्याची गरज नसते.

यंत्रासोबत आणखी एक गोष्ट जाते, आणि मुलांना तिचेच दुःख अधिक. स्विचमध्ये गेमचे छोटे कार्ड घालतात, पण महिनोन्महिने खेळून मिळवलेली प्रगती त्या कार्डात नसते, यंत्राच्या आत असते. यंत्र गेले की कार्ड घरी असूनही सगळे पहिल्यापासून. पैसे भरून ऑनलाइन साठवण्याची सोय घेतली असेल तर बरेचसे परत मिळते. ती सर्वच गेमना लागू नाही, म्हणून निघण्याआधी यादी पाहावी. इंटरनेटवरून विकत घेतलेले गेम मात्र खात्याला बांधलेले असतात, यंत्राला नव्हे. चोरीनंतर लगेच दुसऱ्या संगणकावरून खात्यात शिरून पासवर्ड बदलावा आणि हरवलेले यंत्र खात्यातून काढावे, नाहीतर जोडलेल्या कार्डावर खरेदी होऊ शकते.

विमानतळावर जमा केलेल्या बॅगेतून वस्तू गेली किंवा फुटली तर पट्ट्यापासून बाहेर पडण्याआधी विमान कंपनीच्या काउंटरवर लेखी नोंद करावी. आंतरराष्ट्रीय प्रवासात नुकसानीची लेखी तक्रार सात दिवसांत करावी लागते. पण नोंद केली तरी भरपाईची खात्री धरू नये. बऱ्याच कंपन्या आपल्या अटींत आधीच लिहून ठेवतात की जमा केलेल्या सामानातील इलेक्ट्रॉनिक वस्तूंची जबाबदारी आमची नाही. या एका ओळीसाठी तरी गेम हातात ठेवावा.

या वर्षीच्या सुट्टीत आम्ही पुन्हा मुंबईला सोडायला गेलो. पॉवर बँक वीस हजारांची, कापडी पिशवी वर, सीरियल क्रमांकाचा फोटो आमच्याकडेही. पहाटे भाच्याचा संदेश आला, "मामू, पोहोचलो, गेम ठीक आहे." दुपारी दुसरा आला. त्याच्या चार्जरची पिन भिंतीत झटक्यात बसली होती, पण अम्मीच्या मोबाईलचा चार्जर पोखर्णीचा, गोल दांड्यांचा. कन्व्हर्टर घ्यायचा आम्हीच विसरलो होतो. दुल्हाभाई संध्याकाळी दुकानातून आणणार होते, तोवर आपा भाच्याच्या चार्जरवर मोबाईल लावून बसली होती आणि गेम बंद होता.